चौदा मेल झाले तरी उत्तर नाही: साखळी कुठे थांबवायची आणि कॉलचा मेल कसा लिहायचा

भोसरी एमआयडीसीतल्या एका मशीनिंग युनिटमध्ये मी डेव्हलपमेंटचं काम बघते. नवीन पार्ट आला की ड्रॉइंगवरच्या शंका ग्राहकाला विचारायच्या, सॅम्पल बनवून घ्यायचे आणि पास करून आणायचे. यातली एक अडचण दर दोन-तीन महिन्यांनी हमखास येते. शंका साधी असते, मेलवर मेल जातात, प्रत्येक मेलला उत्तरही येतं, आणि तरी काम जागचं हलत नाही. मागच्या वेळी चौदा मेल झाले आणि सहा कामाचे दिवस गेले. शेवटी नऊ मिनिटांच्या कॉलमध्ये प्रश्न सुटला. त्या साखळीत नेमकं काय बिघडलं होतं ते मी नंतर एकेक मेल उघडून पाहिलं. तेच इथे लिहिते आहे. मेल प्रत्यक्षात इंग्रजीत होते, इथे मराठीत देते.

पार्ट म्हणजे एक ब्रॅकेट. त्यात ४५ मिलिमीटर लांबीचा आरपार बोअर, म्हणजे गोल भोक, ड्रॉइंगवर माप 20 H7. म्हणजे बोअर २०.००० ते २०.०२१ यांच्या मध्ये हवा, एकूण २१ मायक्रॉनची मुभा. त्याच ड्रॉइंगच्या टीप ६ मध्ये लिहिलेलं: सगळीकडे झिंक प्लेटिंग, किमान ८ मायक्रॉन. बोअरचं माप प्लेटिंगच्या आधीचं की नंतरचं, हे कुठेच नव्हतं. अनेक ड्रॉइंगवर ‘मापे प्लेटिंगनंतरची’ अशी एक ओळ असते, या ड्रॉइंगवर ती नव्हती.

भोक अचूक मापाला आणणाऱ्या आमच्या नेहमीच्या एच सेव्हन रीमरने आम्ही पाच नग केले. बोअर गेजवर २०.००८ ते २०.०१२ आले, म्हणजे अगदी मधोमध. प्लेटिंग होऊन परत आले आणि प्लग गेजची गो बाजू, जी योग्य मापाच्या बोअरमधून आरपार जायला हवी, ती तोंडाशीच अडकली. प्लेटिंग दोन्ही भिंतींवर चढतं, म्हणून ८ मायक्रॉनचा थर व्यासात १६ मायक्रॉन खातो. २०.०१० चा बोअर १९.९९४ होतो. त्यात प्लेटिंग कडांवर जास्त बसतं आणि खोल भोकात मध्यावर कमी, त्यामुळे तोंड सगळ्यात आधी आवळतं. गेज दोन मिलिमीटरही आत जाईना. मी मेल टाकला.

लक्षण: उत्तरं येतात, पण आपल्या प्रश्नाची नसतात

माझा पहिला मेल असा होता: “बोअर 20 H7 प्लेटिंगआधी की प्लेटिंगनंतर? कृपया कन्फर्म करावे.” मला हा मेल स्पष्ट वाटला होता.

परचेसच्या सरांचं उत्तर आलं, “ड्रॉइंगप्रमाणे करा.” मी लिहिलं, ड्रॉइंगवर उल्लेख नाही. डिझाइनच्या मॅडमचं उत्तर आलं, “टीप ६ पाहा.” टीप ६ मध्ये थराची जाडी होती, माझ्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. मी पुन्हा तेच विचारलं, या वेळी जरा लांबवून. परचेसने लिहिलं, “डिव्हिएशन हवं असेल तर फॉर्म भरून पाठवा.” मध्येच क्वालिटीच्या सरांनी सॅम्पलची तारीख विचारली.

त्या वेळी मला वाटत होतं की कुणी नीट वाचतच नाही. नंतर शांतपणे वाचल्यावर दिसलं की तिघांनीही वाचलं होतं, पण तिघांना तीन वेगळे प्रश्न दिसले होते. परचेसला वाटलं, हे लोक मापात सूट मागताहेत. डिझाइनला वाटलं, थराची जाडी विचारताहेत. क्वालिटीला वाटलं, तारीख पुढे ढकलायची तयारी चालली आहे. आमच्याकडे सूट मागताना आणि शंका विचारताना दोन्ही वेळा ‘कन्फर्म करा’ असंच लिहितात, तेव्हा परचेसचा गैरसमज अगदी समजण्यासारखा होता.

म्हणून मेलची संख्या मोजण्यात फारसा अर्थ नाही. एकदा पंचवीस नगांच्या यादीसाठी वीस मेल झाले होते. प्रत्येक मेलमध्ये एकेका नगाचा आकडा येत होता आणि यादी भरत होती. तिथे कॉलचं काहीच काम नव्हतं. उलट तीन मेलची साखळीही अडकलेली असू शकते, जर तिसऱ्या मेलमध्ये पहिलाच प्रश्न दुसऱ्या शब्दांत पुन्हा विचारलेला असेल. मी आता एवढंच पाहते: आपण तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारतोय का, आणि दोन्ही वेळा उत्तर येऊनही आपल्या हाताला काही लागलं नाही का? तसं असेल तर तिसऱ्यांदा विचारायचं नाही. तिसऱ्या वेळी आपण फक्त वाक्य लांबवतो, ‘पुन्हा एकदा’, ‘आधीच्या मेलमध्ये म्हटल्याप्रमाणे’ असे शब्द घालतो, आणि समोरच्याला ते टोचतात.

या टोचण्याचीही दखल घ्यायला हवी. ‘ड्रॉइंगप्रमाणे करा’ हे मला दरडावल्यासारखं वाटलं होतं. सरांनी ते जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवरून लिहिलं होतं, एवढंच. जस्टिन क्रुगर, निकोलस एप्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये यावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. आपला सूर मेलमधून समोरच्याला बरोबर कळेल, असा लिहिणाऱ्याला असलेला विश्वास प्रत्यक्षापेक्षा बराच जास्त निघाला. तोच मजकूर आवाजात ऐकवला की सूर जास्त लोकांना बरोबर ओळखता आला. साखळीत राग दिसायला लागला की तो खरा आहे की मजकुरातून भासतोय, हे लेखी उत्तर देऊन कळत नाही.

कारण शोधताना आधी ‘प्रति’ची ओळ बघा

अडकलेली साखळी हातात आली की मी आधी मजकूर वाचत नाही, प्रत्येक मेल कुणाकुणाला गेला ते बघते. आमच्या चौदा मेलमध्ये पाचव्या मेलला परचेसने ‘सगळ्यांना उत्तर’ न देता फक्त मला उत्तर दिलं होतं. तिथून डिझाइनच्या मॅडम गळल्या. क्वालिटीचे सर मात्र जुन्याच मेलला उत्तर देत राहिले. म्हणजे एका विषयाच्या दोन साखळ्या झाल्या, एकीत आठ मेल आणि दुसरीत सहा. डिव्हिएशनचा मुद्दा ज्या साखळीत आला, त्यात तो नाकारू किंवा मान्य करू शकणारी व्यक्तीच नव्हती. मेल उघडून स्क्रीनवर दिसतं ते फक्त त्या फांदीतलं, त्यामुळे हे पटकन लक्षात येत नाही.

मग एक छोटी परीक्षा करायची. कोरा कागद घ्यायचा आणि लिहायचं: “आता फक्त इतकं ठरायचं राहिलंय की…” आणि ते वाक्य एका ओळीत पूर्ण करून बघायचं. पूर्ण झालं आणि उत्तर एका आकड्यात, तारखेत किंवा हो-नाहीमध्ये येण्यासारखं असेल, तर कॉल नको. तीच एक ओळ नव्या मेलमध्ये, ठरवणाऱ्या माणसाच्या नावाने पाठवायची. वाक्य पूर्ण होत नसेल, किंवा ‘हे ठरलं तर मग ते कसं, आणि ते तसं झालं तर हे कसं’ असं एकात एक अडकत असेल, तर कॉल हवा. तिसरी शक्यताही असते: आपलं वाक्य पूर्ण होतं, पण समोरचा तेच वाक्य वेगळं पूर्ण करेल अशी खात्री असते. आमचं तेच झालं होतं.

हे वाक्य लिहिताना मी आमच्या टूलरूममधल्या मामांना शेजारी बोलावलं. चाळीस वर्षं मशीनवर काढलेला माणूस. त्यांनी ड्रॉइंग हातात घेतलं, बोअरवर अंगठा ठेवला आणि म्हणाले, “ताई, यात बसतंय काय? बुश दाबून बसवत असतील तर आत प्लेटिंग कशाला पाहिजे?” चौदा मेलमध्ये हा प्रश्न कुणीच विचारला नव्हता, मीही नाही. मी आधीचं की नंतरचं यातच फिरत होते.

फसलेला मेल आणि बदललेला मेल

आता मेल बदलायचा. इथे बहुतेक जण जे करतात तेच मी आधी केलं. शेवटच्या मेलला उत्तर देऊन लिहिलं:

> सर, खालील ट्रेल मेल पाहावा. विषय अर्जंट आहे. कृपया आपण कॉलवर कनेक्ट होऊ या.

अर्ध्या तासात उत्तर आलं, “काय विषय आहे ते मेलवर कळवा.” म्हणजे चौदाचे सोळा झाले. आणि सरांचं बरोबरच होतं. माझ्या मेलमध्ये कॉल का हवा ते नव्हतं, किती वेळ ते नव्हतं, कुणी यायचं ते नव्हतं. खाली चौदा मेल वाचून काढा आणि मग माझ्याशी बोला, एवढंच त्यात होतं. ‘ट्रेल मेल पाहावा’ लिहिणं म्हणजे आपलं वाचायचं काम दुसऱ्यावर ढकलणं, असं मला आता मनापासून वाटतं.

दुसऱ्यांदा मी मेल नव्याने लिहिला. जुनी साखळी खाली ठेवली, कारण ती नोंद आहे, पण ती न वाचताही काम होईल असा वरचा मजकूर केला. सुटलेल्या मॅडमना ‘प्रति’मध्ये परत घेतलं, ‘सीसी’मध्ये नाही. विषयाची ओळही बदलली.

> विषय: ब्रॅकेट, बोअर 20 H7, प्लेटिंगबाबत निर्णय, बुधवारी १५ मिनिटे
>
> मॅडम, सर,
>
> या बोअरचं माप प्लेटिंगआधीचं धरायचं की नंतरचं, एवढंच ठरायचं राहिलं आहे. आम्ही मापात सूट मागत नाही. मागचे मेल वाचायची गरज नाही, लागणारी माहिती इथेच देत आहे.
>
> पाच नग नेहमीच्या एच सेव्हन रीमरने केले. प्लेटिंगआधी बोअर २०.००८ ते २०.०१२ होता. प्लेटिंगनंतर गो गेज तोंडाशी अडतो. फोटो जोडला आहे.
>
> आम्हाला तीन मार्ग दिसतात.
> अ) माप प्लेटिंगनंतरचं: थर ८ ते १२ मायक्रॉन धरला तर आधीचा बोअर २०.०२४ ते २०.०३७ ठेवावा लागेल. वेगळा रीमर मागवावा लागेल, तो यायला १२ दिवस.
> आ) माप प्लेटिंगआधीचं: हेच नग चालतील, पण तयार बोअर २० पेक्षा लहान असेल.
> इ) बोअरला प्लेटिंग नको: दोन्हीकडून रबरी बूच लावून प्लेटिंग करू, तीन दिवसांत नवे सॅम्पल.
>
> निर्णय डिझाइनचा आहे, म्हणून मॅडम कॉलवर असणं आवश्यक आहे. बुधवारी ११ ते ११.१५ किंवा ४ ते ४.१५ यातली कुठली वेळ सोयीची? समोर ड्रॉइंगचं शीट २ असावं, आणि या बोअरमध्ये कुठला भाग बसतो ते आम्हाला समजून घ्यायचं आहे.
>
> कॉल जमणार नसेल तर अ, आ की इ एवढं कळवलंत तरी आम्ही पुढे जाऊ. दराचा विषय या कॉलमध्ये घेणार नाही, तो वेगळ्या मेलवर.

यातल्या काही ओळींमागे कारण आहे. “आम्ही सूट मागत नाही” ही ओळ परचेसच्या गैरसमजासाठी होती. गैरसमज कुठला हे आपल्याला कळलं असेल तर तो नाव घेऊन, कुणाला दोष न देता, दुसऱ्याच वाक्यात मोडायचा. ‘आपला गैरसमज झाला आहे’ असं मात्र लिहायचं नाही. तीन मार्गांपुढे दिवस लिहिले, कारण त्याशिवाय समोरच्याला निवड करता येत नाही. रीमरचे १२ दिवस वाचल्यावर ‘ड्रॉइंगप्रमाणे करा’ असं लिहिणं कुणालाही अवघड जातं. वेळा दोनच दिल्या. ‘तुमच्या सोयीने’ लिहिलं की ती सोय कधी उगवत नाही. आणि दर बाजूला ठेवला, कारण दराची गोष्ट निघाली की परचेस पुढे येतं, डिझाइन गप्प बसतं आणि पंधरा मिनिटं त्यातच जातात.

‘अ, आ की इ एवढं कळवलंत तरी चालेल’ ही ओळ मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. असा मेल लिहिला की निम्म्या वेळा कॉलची गरजच उरत नाही, समोरून एक अक्षर येतं आणि काम होतं. नेमका मेल लिहायला माझी वीस-पंचवीस मिनिटं गेली. पण ती मिनिटं न घालवता लावलेल्या कॉलमध्ये पहिली दहा मिनिटं ‘विषय काय आहे’ यातच जातात, आणि तीही चार जणांची.

एक वाक्य मात्र कधी घालू नये: ‘उत्तर न आल्यास मान्य आहे असे समजू.’ ड्रॉइंगच्या बाबतीत गप्प राहणं म्हणजे मंजुरी नसते, आणि नग नाकारले गेले तर या वाक्याचा काडीचा आधार मिळत नाही.

नऊ मिनिटं

मॅडमनी चारची वेळ दिली. मी मामांनाही बसवलं. सुरुवातीला मी मेलमधली पहिली ओळ वाचली आणि थांबले. मॅडमनी शीट २ उघडलं आणि म्हणाल्या, “यात आम्ही बुश प्रेस करतो, बोअर बाहेरून दिसतच नाही.” मामा हळूच म्हणाले, “मग मॅडम, आत प्लेटिंग नकोच ना?” त्यावर मॅडम दोन क्षण गप्प होत्या. म्हणाल्या, “नको. ‘सगळीकडे’ हा शब्द जुन्या ड्रॉइंगवरून तसाच आला असणार.” क्वालिटीच्या सरांनी विचारलं, बुश बसेपर्यंत उघडा बोअर गंजला तर? ठरलं की प्लेटिंगनंतर बूच काढल्यावर गंजरोधक तेल लावून पाठवायचं. परचेसच्या सरांनी तेवढ्यात बूच लावायचा खर्च किती असं विचारलं. मी म्हटलं, “सर, उद्या वेगळा मेल पाठवते.” त्यांनीही मान्य केलं. घड्याळात चार वाजून नऊ मिनिटं झाली होती.

‘यात काय बसतं?’ हा प्रश्न मेलवर विचारता आला असता, हे खरं. पण त्यातून निघणारा पुढचा प्रश्न, त्यावरची शंका आणि त्या शंकेवरचा उपाय, अशा तीन पायऱ्या चार माणसांनी एका दमात चढल्या. मेलवर प्रत्येक पायरीला आमच्याकडे एक दिवस जातो. एका उत्तरावर पुढचा प्रश्न अवलंबून असतो तिथे कॉल उपयोगी पडतो.

कॉल संपला की लगेच

कॉल झाल्यावर अर्ध्या तासाच्या आत मी हा मेल टाकला, त्याच साखळीत, सगळ्यांना:

> आजच्या कॉलमध्ये ठरलं ते असं.
> १) बोअर 20 H7 ला प्लेटिंग नाही, बूच लावून प्लेटिंग करायचं. माप २०.००० ते २०.०२१ तसंच राहील.
> २) बोअरला गंजरोधक तेल लावून नग पाठवायचे.
> ३) ड्रॉइंगच्या पुढच्या रिव्हिजनमध्ये टीप ६ मध्ये हा बदल डिझाइन करणार.
> मॅडम, बरोबर असल्यास कृपया याच मेलला ‘मान्य’ असं उत्तर द्यावं. ते आल्यावर नग प्लेटिंगला पाठवू.

आपण लिहिलेला सारांश ही आपली आठवण असते, ग्राहकाची मंजुरी नव्हे. ऑडिटमध्ये विचारलं की ड्रॉइंगवर ‘सगळीकडे प्लेटिंग’ आहे आणि तुमचा बोअर उघडा कसा, तर दाखवायला डिझाइनच्या आयडीवरून आलेलं उत्तरच लागतं. म्हणून ‘मान्य’ येईपर्यंत नग हलवले नाहीत. ते दुसऱ्या दिवशी सकाळी आलं.

आकडेही मी कॉलवर फक्त वाचून दाखवते, ठरवून घेते ते लेखी. फोनवर ‘एकोणसाठ’ आणि ‘एकोणसत्तर’ यांत घोळ होतो, इंग्रजीत ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ यांत तर हमखास. मायक्रॉनच्या कामात तेवढा घोळ नग फेकायला पुरतो.

दुसऱ्या फांदीत, जिथे डिव्हिएशनचा फॉर्म मागितला होता, तिथेही मी एक ओळ टाकली: “हा विषय मिटला आहे, निर्णय बुधवारच्या मेलमध्ये आहे, फॉर्मची गरज नाही.” ही ओळ राहिली तर पंधरा दिवसांनी कुणीतरी तीच फांदी उघडून “फॉर्म अजून आला नाही” असं लिहितं आणि सगळं पुन्हा सुरू होतं. माझ्या बाबतीत हे दोनदा झालं आहे.

कॉल लावूनही अडेल अशी ठिकाणं

दर, दंड, पैसे थकले असतील तर, किंवा चूक कुणाची हा वाद असेल तर मी कॉल लावत नाही. तिथे कोण काय म्हणालं याची नोंद दोघांनाही हवी असते. ठरवणारी व्यक्ती येणार नसेल तरीही लावत नाही. तिच्याऐवजी दुसरं कुणी आलं की शेवटी “विचारून सांगतो” एवढंच मिळतं, मग वेळ पुढे ढकललेली बरी. आणि समोरच्याला फोनवर बोलणं अवघड जात असेल, भाषेमुळे म्हणा किंवा शॉपफ्लोअरच्या आवाजामुळे, तर अ-आ-इ वाला मेलच पाठवून थांबते. आमचे प्लेटिंगवाले दादा दिवसभर टाक्यांपाशी असतात, फोनवर धड ऐकू येत नाही. त्यांना मी बोअरचा फोटो काढून त्यावर लाल पेनने ‘इथे बूच’ असं लिहून पाठवला. नवे पाच नग तिसऱ्या दिवशी आले आणि गो गेज पाचहीतून शेवटपर्यंत गेला.